शालेय वार्षिकांकाचा विषय आणि शीर्षक: मुलांचे मतदान घ्यावे की नाही, आणि घेतल्यास कसे?

राजापूरच्या बाई

नमस्कार. मी राजापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि वार्षिकांकाचे काम गेली तीन वर्षे माझ्याकडे आहे. पाचवी ते दहावी मिळून आमचा पट सव्वादोनशेच्या आसपास आहे. अंकाचा विषय पूर्वी शिक्षकच ठरवत असत. गेल्या वर्षी आम्ही प्रथमच मुलांचे मतदान घेतले आणि त्याचे जे झाले, त्यावर मला आपला सल्ला हवा आहे.

चिठ्ठीवर चार विषय होते. 212 मुलांनी मत दिले. क्रिकेटला 61, समुद्राला 54, कातळशिल्पांना 50 आणि पावसाला 47 मते मिळाली. नियमाप्रमाणे क्रिकेट जिंकले. त्यानंतर आमच्याकडे 43 लेख आले आणि त्यांपैकी 26 लेखांत त्याच तीन खेळाडूंची, इंटरनेटवरून उतरवून काढलेली माहिती होती. मुलींकडून आलेले साहित्य आदल्या वर्षीच्या निम्म्यावर आले. शीर्षकही आम्ही त्याच चिठ्ठीवर विचारले होते आणि त्यात ‘लाटांची गाज’ पहिले आले. त्यामुळे ‘लाटांची गाज’ या नावाचा क्रिकेट विशेषांक काढण्याचा मान आमच्या शाळेला मिळाला. मुखपृष्ठावर चित्रकलेच्या सरांनी लाटेवर तरंगणारी बॅट काढून वेळ निभावून नेली.

यंदा मुख्याध्यापकांचे मत असे आहे की विषय पुन्हा शिक्षकांनीच ठरवावा. मला ते पटत नाही. पण गेल्या वर्षीसारखे मतदानही नको आहे. गणपतीच्या सुट्टीपूर्वी विषय जाहीर व्हायला हवा, कारण मुंबईहून घरोघरी माणसे येतात आणि मुलांना विचारायला, ऐकायला मिळते ते त्याच दिवसांत.

घाटावरचा

‘लाटांची गाज’ म्हणजे प्रेक्षकांतून उठणाऱ्या लाटा, असा खुलासा संपादकीयात करता आला असता. सरांनी बॅट उगाच भिजवली.

निवृत्त मास्तर, वेंगुर्ले

बाई, स्पष्ट लिहितो, राग मानू नये. अंकाचा विषय ठरवणे हे संपादकाचे काम आहे आणि शाळेत संपादक म्हणजे शिक्षक. आपण मुलांना विचारले, बहुमताने क्रिकेट मागितले गेले, आपण ते दिले. आता लेख वाईट आले म्हणून मतदानाला दोष देण्यात अर्थ नाही. मुलांना जे आवडते आणि मुलांना जे लिहिता येते, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मी पंचवीस वर्षे विषय स्वतः ठरवले आणि एकाही वर्षी साहित्याची टंचाई पडली नाही.

गणिताचे सर, दापोली

मास्तर, आपल्या शेवटून दुसऱ्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे; परंतु ‘बहुमताने’ हा शब्द येथे बसत नाही. 212 पैकी 61 म्हणजे शंभरातली एकोणतीस मुलेसुद्धा नव्हेत. उरलेल्या 151 मुलांनी क्रिकेटखेरीज काहीतरी निवडले होते. ती मते समुद्र, पाऊस आणि कातळशिल्पे अशा गावच्या तीन विषयांत वाटली गेली. क्रिकेट मात्र आपल्या जातीचा एकच विषय होता, त्यामुळे त्याची मते फुटली नाहीत. समुद्र आणि पाऊस यांपैकी एकच विषय चिठ्ठीवर असता, तर निकाल बहुधा वेगळा लागला असता. मतदार तेच, आवड तीच, केवळ चिठ्ठी वेगळी. आणि निकाल उलटा. अशा निकालाला मुलांचा कौल म्हणणे मला अवघड वाटते.

गंमत अशी की यावरचा उपाय आपल्यापैकी कित्येक शिक्षक स्वतः वापरतात. विधान परिषदेच्या कोकण विभाग शिक्षक मतदारसंघात आपण एका नावापुढे खूण करून येत नाही. 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहितो. पहिल्या पसंतीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर सर्वांत मागे असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरील पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांकडे जातात. आपण हेच शाळेत करावे. सव्वादोनशे चिठ्ठ्या चार ढिगांत मांडायच्या, सर्वांत लहान ढीग उचलायचा आणि दुसरी पसंती पाहून उरलेल्या ढिगांवर वाटायचा. फळ्यावर आकडे लिहीत गेल्यास एका तासिकेत मोजणी संपते.

चाकरमानी, डोंबिवली

आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाची स्मरणिका दरवर्षी निघते आणि तिच्या नावावरून दरवर्षी भांडण होते. शेवटी आम्ही जो सर्वांत मोठी जाहिरात आणील त्याने नाव ठरवायचे, असा ठराव केला. गेल्या वर्षी एका कॅटरिंगवाल्यांनी नाव ठरवले. शाळेने हा मार्ग अवलंबल्यास छपाईचा खर्चही सुटेल. जाहिरातीचे दर हवे असल्यास सांगावे.

राजापूरच्या बाई

दादा, जाहिरातींचा प्रश्न आमच्यापुढे सध्या नाही आणि कॅटरिंगवाल्यांनी सुचवलेले शीर्षक वाचून मुले अंक उघडण्याऐवजी डबा उघडतील, अशी मला भीती वाटते. दर मात्र जरूर पाठवावेत.

सर, आपली रीत मला पटली. शंका अशी आहे की पाचवीच्या मुलांना पसंतीक्रम जमेल का? दुसरी अडचण म्हणजे गेल्या वर्षी चिठ्ठी आम्ही फक्त वाचून दाखवली आणि मते वर्गावर्गात हात वर करून घेतली होती.

माजी विद्यार्थिनी

बाई, खरे मूळ मला त्या हात वर करण्यात दिसते. मी गुहागर तालुक्यातील शाळेत विद्यार्थी संपादक होते, तेव्हाचा अनुभव सांगते. नववीत मॉनिटरने हात वर केला की मागचे दोन बाक वर करत आणि ज्या मुलींना दुसरे काही हवे असे त्या हात मांडीवरच ठेवत. पुढच्या वर्षी चिठ्ठी आली, तेव्हा त्याच वर्गाचा कौल अगदी निराळा दिसला. पण मला त्याहून महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. मतदानाच्या आधी चिठ्ठीवर काय जाते, याकडे कोणी फारसे पाहत नाही. जिंकला तर अंक निघू शकणार नाही, असा विषय चिठ्ठीवर असताच कामा नये. हरल्यावर शिक्षकांनी कुरकुर करण्यापेक्षा ती चाळणी आधी लावावी आणि तीही मुलांनीच लावावी.

आमची चाळणी अशी होती. जो कोणी विषय सुचवील त्याने तीन गोष्टी लिहून द्यायच्या: या विषयावर गावात कोणाला जाऊन विचारता येईल, कोणती गोष्ट प्रत्यक्ष जाऊन पाहता येईल, आणि पाचवीतले मूल त्यावर काय लिहील किंवा काढील. पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल तर लेख इंटरनेटवरूनच येणार, हे ठरलेले. ‘अंतराळ’ हा विषय आमच्याकडे तिथेच अडला. सुचवणारा मुलगा माझा सख्खा भाऊ होता आणि तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

क्रिकेट मात्र या चाळणीतून सहज जाऊ शकले असते, फक्त त्याला गावात आणायला हवे होते. मे महिन्यात चाकरमानी येतात तेव्हाचे सामने, सड्यावर तयार केलेली खेळपट्टी, चेंडू करवंदीच्या जाळीत गेला की किती धावा धरायच्या याचे वाडीवाडीचे वेगळे नियम, पंच म्हणून उभे राहणारे काका. हे कुठल्याही संकेतस्थळावर सापडत नाही. तुमचा विषय चुकला नव्हता, बाई. तो फार पसरट होता.

निवृत्त मास्तर, वेंगुर्ले

ही चाळणी चांगली आहे. परंतु चाळणी लावणारे शिक्षकच असतील, तर मग मतदानाचे नाटक कशाला?

माजी विद्यार्थिनी

मास्तर, चाळणीत विषय पडला तर तो सुधारून पुन्हा आणण्याची मुभा होती. आमच्या बाईंनी एकही विषय स्वतः खोडला नाही, त्या फक्त “कोणाला विचारणार?” एवढेच विचारत आणि गप्प बसत. त्यांचे ते गप्प बसणे फार जड असे, हे मान्य करते.

खाडीकाठ

सरांच्या पद्धतीपेक्षा सोपा मार्ग म्हणजे गुण देणे. पहिल्या पसंतीला तीन, दुसरीला दोन, तिसरीला एक, शेवटच्या विषयाला शून्य, आणि बेरीज करायची. ढीग उचला, वाटा, पुन्हा मोजा ही कटकटच नाही. शिवाय यात फसवाफसवीला वाव नाही.

गणिताचे सर, दापोली

गुणांची पद्धत जुनी आणि चांगली आहे. बोर्दा नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने ती 1770 मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीपुढे मांडली होती. दर्यावर्दी माणसाची पद्धत आपल्या किनाऱ्याला शोभूनही दिसेल. परंतु फसवाफसवीला वाव नाही हे आपले म्हणणे बरोबर नाही; उलट तिथे तो अधिक आहे. क्रिकेटवाल्या मुलांच्या लक्षात आले की आपली खरी टक्कर कातळशिल्पांशी आहे, की ती कातळशिल्पांना मनात दुसरे स्थान देत असली तरी चिठ्ठीवर शेवटी ढकलतील. अशी साठ मुले ठरवून वागली तर कातळशिल्पांचे एकशेवीस गुण जागच्या जागी बुडतात. दहावीची मुले हे अर्ध्या सुट्टीत शोधून काढतात. बाद करत जाण्याच्या पद्धतीत आपली दुसरी पसंती पहिलीला कधीच मारक होत नाही, म्हणून मी तिच्याकडे झुकतो. निर्दोष मात्र तीही नाही.

पाचवीसाठी बाई, शब्द लिहायला सांगू नका. चारही विषय चित्रांसह छापून पुढे रिकामा चौकोन ठेवा आणि 1 हा आकडा आवश्यक, 2 आणि 3 ऐच्छिक, एवढेच सांगा. एकच आकडा दोनदा लिहिला तर काय, आकड्याऐवजी बरोबरची खूण केली तर काय, हे मोजणीच्या आधी ठरवून फळ्यावर लिहा. शिक्षक मतदारसंघात आकड्याऐवजी खूण केलेले मत बाद होते. लहान मुलांसाठी इतके कडक असावे का, ते तुम्ही ठरवा.

छापखानेवाला, कणकवली

विषयावर आपण सर्व विद्वान बोलत आहात. मी शीर्षकापुरते बोलतो, कारण ते शेवटी माझ्या टेबलावर येते. विषय आणि शीर्षक एकाच चिठ्ठीवर विचारणे ही मूळ चूक. शीर्षक हे विषयाचे मूल आहे. ते आधी कसे जन्मणार? माझा अनुभव असा की शीर्षकाचे मतदान साहित्य जमा झाल्यानंतर घ्यावे. अंकातील लेख वाचलेल्या संपादक मंडळाने त्या लेखांतूनच पाच-सहा शब्द वेचावेत आणि त्यांवर मत घ्यावे. आधी ठरवलेली शीर्षके सगळी ‘अंकुर’, ‘झेप’, ‘स्पंदन’ आणि ‘क्षितिज’ अशीच असतात. माझ्या कपाटात निरनिराळ्या शाळांचे चार ‘अंकुर’ आहेत.

शीर्षक मुखपृष्ठावर कसे दिसते, तेही चिठ्ठीवरच दाखवावे. मुलांना मोठे, जोडाक्षरांनी गच्च भरलेले शब्द भारदस्त वाटतात. ते लहान आकारात छापले की दोन हातांवरून वाचता येत नाहीत. तीन-चार उमेदवार शीर्षके मोठ्या अक्षरात कागदावर काढून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला लावा आणि मग मत घ्या. आणि कृपा करून मुखपृष्ठ आमच्याकडे आल्यानंतर शीर्षक बदलू नका.

घाटावरचा

पाचवा ‘अंकुर’ आला की आपण कपाटाला पाणी घालावे.

राजापूरच्या बाई

(पाच आठवड्यांनंतर)

आपणा सर्वांचे आभार मानून घडलेले सविस्तर लिहिते.

चाळणीतून चार विषय चिठ्ठीवर गेले: ‘गावचे क्रिकेट’, ‘कातळावरची चित्रे’, ‘आजोळ’ आणि ‘समुद्र’. 204 चिठ्ठ्या आल्या. सात बाद झाल्या, त्यांतील पाच पाचवीच्या होत्या आणि एका चिठ्ठीवर चारही चौकोनांत 1 होता. खूण केलेल्या चिठ्ठ्या आम्ही पहिली पसंती म्हणून धरल्या. वैध 197 राहिल्या, म्हणजे जिंकण्यासाठी 99 हव्या होत्या.

पहिल्या मोजणीत क्रिकेटला 62, कातळाला 51, आजोळला 45 आणि समुद्राला 39 मते होती. जुन्या नियमाने यंदाही क्रिकेटच जिंकले असते, आणि तसा जल्लोष मागच्या बाकांवर सुरूही झाला होता. मग समुद्राचा ढीग उचलला. त्यातील 17 कातळाकडे, 14 आजोळकडे, 5 क्रिकेटकडे गेल्या आणि तिघांनी दुसरी पसंती लिहिलीच नव्हती. आता कातळ 68, क्रिकेट 67 आणि आजोळ 59. त्या एका मताच्या फरकाने वर्गात जी शांतता पसरली ती व्याकरणाच्या तासाला मी कधी अनुभवलेली नाही. आजोळ बाद झाले; त्याच्या 59 पैकी 37 कातळाकडे, 14 क्रिकेटकडे, 8 कोणाकडेच नाहीत. शेवट कातळ 105, क्रिकेट 81.

क्रिकेटवाल्यांचा कप्तान मला येऊन म्हणाला, “बाई, आमचे मत कमी झाले नाही, तरी आम्ही हरलो कसे?” मी त्याला फळ्यावरचे आकडे पुन्हा वाचून दाखवले. तो समजला, पण पटले, असे म्हणाला नाही. सड्यावरच्या खेळपट्टीवर लेख लिहिणार का, असे मी विचारले, तेव्हा विचार करतो म्हणाला.

गणिताचे सर, दापोली

मोजणी चोख झाली आहे. आता माझ्याच पद्धतीतील उणे मला सांगितले पाहिजे. आजोळ तिसऱ्या क्रमांकावर बाद झाले. पण समुद्रवाल्यांपैकी चौदा जणांनी त्याला दुसरी पसंती दिली होती, तशी क्रिकेटवाल्या 62 पैकीही पुष्कळांनी दिली असू शकेल. त्या चिठ्ठ्यांवरील दुसरी पसंती आपण उघडलीच नाही, कारण क्रिकेट बाद झालेच नाही. आजोळ आणि कातळ यांची समोरासमोर लढत लावली तर कोण जिंकले असते, हे या मोजणीतून कळत नाही. चिठ्ठ्या जपून ठेवल्या असतील तर मोजून पाहावे.

खाडीकाठ

म्हणजे माझ्या गुणांच्या पद्धतीत आजोळ जिंकले असते!

गणिताचे सर, दापोली

असते किंवा नसते. चिठ्ठ्या मोजल्याखेरीज आपण दोघांनीही मिरवू नये.

राजापूरच्या बाई

चिठ्ठ्या आहेत, पण निकाल जाहीर झाल्यावर त्या पुन्हा मोजल्या तर वर्गात काय होईल, याचा विचार करून मी त्या कपाटात ठेवल्या आहेत. अंक निघाल्यावर गणिताच्या तासाला काढीन.

देवगडकर

कातळावरची चित्रे हा विषय गणपतीपूर्वी जाहीर करण्यात एक अडचण आहे, ती कोणी सांगितली नाही. पावसाळ्यात सड्यावर गवत माजते आणि खळग्यांत पाणी साठते, त्यामुळे कोरलेल्या रेघा धड दिसत नाहीत. मुलांना न्यायचे असेल तर गवत वाळल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर न्यावे. छायाचित्रासाठी सकाळची किंवा संध्याकाळची तिरपी उन्हे हवीत. भर दुपारी जांभ्यावरची रेघ सपाट दिसते. छायाचित्र ठसठशीत यावे म्हणून रेघांत खडू किंवा चुना भरू नये आणि चित्रावरून चालू नये, हे मुलांना निघण्यापूर्वीच बजावावे. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, आमच्याकडे कुडोपी ही ठिकाणे 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. कशेळीचा हत्ती इतका मोठा आहे की जवळ उभे राहून तो हत्ती आहे हे कळतच नाही. मुलांना तो आधी वहीत काढायला सांगावा.

तोवर गणपतीत करण्याजोगे काम आहेच. त्या चित्रांना गावात काय म्हणतात, त्यांच्याविषयी कोणत्या गोष्टी सांगतात, गुरे चारताना ती पहिल्यांदा कोणी पाहिली, हे घरातील वडीलधाऱ्यांकडून टिपून घ्यावे.

राजापूरच्या बाई

(नोव्हेंबरच्या अखेरीस)

शीर्षकाचेही लिहिते, म्हणजे धागा अर्धवट राहणार नाही. छापखानेवाल्या दादांचे ऐकून आम्ही 38 लेख आल्यानंतरच शब्द वेचले. ‘कातळखुणा’, ‘रेघा’, ‘सडा’ आणि ‘खोदीव’ अशी चार शीर्षके व्हरांड्याच्या टोकाला लावली. शिक्षकांचा कल ‘कातळखुणा’कडे होता, माझाही. मुलांनी दुसऱ्याच मोजणीत ‘सडा’ निवडले. जांभ्याचे उघडे पठार तो सडा, आणि अंगणात शिंपतात तोही सडा; सातवीतील एका मुलीने या दोन अर्थांवर लेख लिहिला होता आणि तो संपादक मंडळात मोठ्याने वाचला गेला होता. मला वाटते, मतदान तिथेच झाले.

घाटावरचा

आमच्याकडे सडा म्हटले की फक्त शेण आणि पाणी आठवते. सडाफटिंग शिक्षकांनी मुखपृष्ठावर हरकत घेतली नाही ना?

छापखानेवाला, कणकवली

दोन अक्षरे, जोडाक्षर एकही नाही. मी नवीन कपाट करून घेईन. मजकूर 20 डिसेंबरपर्यंत पाठवा आणि पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा.

राजापूरच्या बाई

आत्ता 46 होत आहेत. दोन पाने रिकामी आहेत. क्रिकेटच्या कप्तानाने काल विचारले, सड्यावरच्या खेळपट्टीचा लेख अजून चालेल का? मी त्याला सोमवारपर्यंत मुदत दिली आहे.